लाकडात बसवलेले आटे

२ ऑक्टोबर

वाड्याच्या ओसरीचं नेपथ्य आज गोदामातून बाहेर काढलं. पाइनचे चार चौकोनी खांब, त्यांच्यामध्ये बसणारे तीन कठडे, खालचा चौथरा आणि समोर दिसणाऱ्या जोत्याच्या प्लायच्या पाट्या. स्पर्धेचे आणि बाहेरगावचे प्रयोग पुन्हा सुरू होणार आहेत. म्हणजे हे सगळं दर प्रयोगाला जोडायचं, प्रयोग संपला की सोडायचं, टेम्पोत भरायचं आणि पुढच्या गावी परत जोडायचं.

लाकूड ठीक आहे, सांधे ठीक नाहीत. कठडे खांबांना लाकडाच्या साध्या स्क्रूंनी धरलेले होते आणि जवळजवळ प्रत्येक भोक सैल पडलं आहे. काही भोकांत काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल दिसतो, काहींच्या शेजारी दुसरं भोक पाडलेलं दिसतं. एक स्क्रू परत पिळून पाहिला. तो फिरत राहिला, कुठेही आवळला गेला नाही. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत पिठासारखा भुसा अडकला होता. भोक संपल्याची खूण तीच. स्क्रू ज्या तंतूंना धरून होता, ते तुटून त्यांचं पीठ झालं आहे.

स्क्रू पहिल्यांदा आत जातो तेव्हा तंतू दाबत आणि कापत स्वतःचा मार्ग तयार करतो. दोन आट्यांच्या मध्ये लाकडाची पातळ कड उरते आणि सगळा भार तीच पेलते. स्क्रू काढून पुन्हा घालताना तो जुन्याच खाचेत उतरला तर काही बिघडत नाही, पण उभ्या खांबाला टेकवलेला कठडा एका हाताने सावरत, घाईत, बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने स्क्रू मारताना तो हमखास शेजारी नवी खाच कापतो. एकदा, दोनदा असं झालं की मधली कड गेली. पाइन मऊ असल्याने ती आणखी लवकर जाते.

म्हणजे झीज लाकडात होते आहे, ती धातूवर न्यायला हवी. बोल्टचे आटे धातूच्या आट्यांत फिरले की शेकडो वेळा सोडलं-जोडलं तरी चालतं. आता ठरवायचं ते एवढंच, की धातूचे आटे लाकडात कुठे आणि कोणत्या रूपात ठेवायचे.

४ ऑक्टोबर

मिस्त्रीकाका आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, आरपार भोक पाडा, बोल्ट टाका, मागून नट लावा. त्याच्याइतकं मजबूत दुसरं काही नाही."

मजबुतीबद्दल ते बरोबर आहेत. आरपार बोल्टमध्ये लाकूड वॉशर आणि नट यांच्यामध्ये दाबलं जातं, लाकडाच्या तंतूंवर ओढ येतच नाही. पण इथे दोन अडचणी आहेत. कठडा मागून लावायचा असल्याने नट खांबाच्या पुढच्या, प्रेक्षकांना दिसणाऱ्या बाजूला येईल. आणि नट धरायला एक, बोल्ट फिरवायला एक, शिवाय कठडा सावरायला तिसरा माणूस लागेल. विंगेतल्या अंधारात खाली पडलेला नट पुन्हा सापडत नाही, हे सगळ्या बॅकस्टेजवाल्यांना ठाऊक आहे.

मग दोघांनी मिळून एकेक सांधा हातात घेतला आणि त्याच्यापुरता निर्णय केला.

जोत्याच्या पाट्या १८ मिमी प्लायच्या आहेत आणि त्यांची मागची बाजू मोकळी आहे. तिथे चार दातांचे टी-नट लावायचे. टी-नट मागून ठोकला जातो आणि बोल्ट पुढून येऊन त्याला लाकडाकडे ओढतो, त्यामुळे जितकं आवळाल तितकी त्याची चकती प्लायवर घट्ट बसते. त्याची कमजोरी उलट्या दिशेला आहे. बोल्ट लावताना जोर देऊन ढकलला, किंवा रिकामी पाटी टेम्पोत आपटली, की तो मागे गळून पडतो. म्हणून दातांखाली थोडं इपॉक्सी लावायचं.

कठडा आणि खांब यांच्या सांध्यात मागे हात पोचत नाही, म्हणून तिथे इन्सर्ट. इन्सर्ट म्हणजे बाहेरून लाकडाचे रुंद आटे आणि आतून बोल्टचे बारीक आटे असलेली धातूची छोटी नळी. ती लाकडात एकदाच पिळायची आणि पुन्हा काढायची नाही. पुढे जे काही सुटेल-जुळेल ते तिच्या आतल्या आट्यांत.

मिस्त्रीकाकांनी विचारलं, "आणि ती नळीच लाकडातून सुटून आली तर?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. इन्सर्टलाही शेवटी लाकूडच धरतं. फरक इतकाच, की लाकडाला ते काम एकदा करायचं असतं, त्यामुळे ते एकदाचं काम नीट झालंच पाहिजे. तिसरा सांधा, म्हणजे खांबाचा तळ चौथऱ्याला जोडायचा तो, आज बाजूला ठेवला. तो अवघड आहे.

६ ऑक्टोबर

हार्डवेअरच्या दुकानातून इन्सर्ट आणले, आतून एम ६ चे, लांबी १५ मिमी. दुकानात दोन प्रकार होते. एक पितळी, डोक्यावर पेचकसाची सरळ खाच असलेला. दुसरा जस्ताच्या मिश्रधातूचा, डोक्यात ॲलन कीचं षटकोनी तोंड असलेला. दुसरा घेतला. पितळ मऊ असतं, आणि कठीण लाकडात पेचकसाचा जोर त्या खाचेच्या दोन पातळ कानांवर येतो. एक कान तुटला की इन्सर्ट अर्धवट आत अडकतो.

पाकिटावर भोकाचं माप छापलेलं नव्हतं, म्हणून व्हर्नियर लावला. आट्यांच्या माथ्यावर १० मिमी, आट्यांच्या मुळाशी ८ मिमी. सगळा प्रश्न या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. भोक १० च्या जवळ गेलं तर आट्यांना धरायला लाकूड उरत नाही. ८ च्या खाली गेलं तर इन्सर्टचा गाभा पाचरीसारखा लाकूड फाकवतो.

टाकाऊ तुकड्यांवर चाचणी केली. पाइनचे तुकडे याच खांबांच्या मापाचे आणि कठड्याच्या पट्टीचे घेतले, आणि तुलनेसाठी सागवानाचा एक तुकडा. भोकं ७.५, ८ आणि ८.५ मिमीची. लोखंडाचा साधा बिट लाकडात सुरुवातीला भरकटतो आणि भोकाचं तोंड मोठं करतो, म्हणून मध्ये टोक असलेला लाकडाचा बिट वापरला.

किती घट्ट बसलं हे हाताने ओढून कळत नाही. त्यासाठी एक नळी घेतली, आतून १२ मिमी व्यासाची. ती इन्सर्टभोवती लाकडावर उभी ठेवायची, वर जाड वॉशर, त्यातून बोल्ट खाली इन्सर्टमध्ये. बोल्ट आवळला की नळी लाकूड दाबून धरते आणि बोल्ट इन्सर्टला वर ओढतो. इन्सर्ट कधी आणि कसा सुटतो, ते डोळ्यांसमोर दिसतं.

पाइनमध्ये ८.५ मिमीच्या भोकात इन्सर्ट अगदी सहज गेला आणि नळीच्या चाचणीत तितक्याच सहज वर आला. भोकाच्या भिंतीवर आट्यांच्या खुणा होत्या, पण उथळ. ७.५ मिमीच्या भोकात कठड्याच्या अरुंद पट्टीला रेषेच्या दिशेने चीर गेली. जाड खांबाच्या तुकड्याला ती गेली नाही, पण भोकाभोवतालचे तंतू वर फुगून आले. ८ मिमीच्या भोकात इन्सर्ट ॲलन कीला सारखा, न वाढणारा अडसर देत आत गेला, आणि बोल्ट जोरात आवळल्यावर इन्सर्ट सुटण्याच्या आधी वॉशर वाकला.

सागवानात तेच ८ मिमीचं भोक घट्ट झालं. ॲलन कीचे कोपरे घसरू लागले. तिथे ८.५ योग्य ठरलं. कठीण लाकडाचे तंतू चिवट असतात, त्यांना आट्यांची कमी खोली पुरते आणि जास्त खोली सोसत नाही. मऊ लाकडात उलट, आटे पूर्ण खोलीने रुतले तरच धरतात. ही मापं माझ्या हातातल्या इन्सर्टची. दुसऱ्या कारखान्याचा नग आला की व्हर्नियर आणि तुकडा पुन्हा काढायचा.

एक गोष्ट सगळ्याच तुकड्यांवर दिसली. इन्सर्टचा पहिला आटा लाकडात शिरताना पृष्ठभागाचे तंतू उचलतो आणि भोकाभोवती कडं तयार होतं. मग कठडा खांबाला सपाट टेकत नाही. भोकाच्या तोंडावर काउंटरसिंकने एखाद मिलिमीटरचा उतार दिला की ते तंतू उचलले जात नाहीत, आणि इन्सर्टही पृष्ठभागाच्या किंचित खाली बसतो.

९ ऑक्टोबर

आज खांबांवर प्रत्यक्ष काम. इन्सर्ट वाकडा गेला तर बोल्ट वाकडा जातो. मग कठड्याचं भोक त्याच्याशी जुळत नाही, कुणीतरी पान्याने जोर लावून बोल्ट ओढून घेतं, आणि आटे चढतात. नुसत्या ॲलन कीने हे टाळणं कठीण आहे, कारण तिचा लांब दांडा एका बाजूला असतो आणि पहिल्या दोन वेढ्यांत तो इन्सर्टला आपल्याकडे झुकवतो. पहिले दोन वेढे ज्या दिशेला गेले, त्याच दिशेला बाकीचे जातात.

लहान तुकडा असता तर उभ्या ड्रिल मशीनचा उपयोग झाला असता. वीज बंद ठेवून चकमध्ये डोकं कापलेला बोल्ट धरायचा, त्यावर इन्सर्ट चढवायचा आणि चक हाताने फिरवायचा. खांब लांब आहेत, ते मशीनखाली मावत नाहीत. म्हणून मिस्त्रीकाकांनी सागवानाचा एक छोटा पूल केला. दोन पाय ३५ मिमी उंचीचे, वर जाड ठोकळा, आणि ठोकळ्याच्या मधोमध मशीनवर पाडलेलं सरळ भोक, एम ६ बोल्ट घासून जाईल इतकं.

पूर्ण लांबीवर आटे असलेला १०० मिमीचा बोल्ट वरून त्या भोकातून खाली घालायचा. पुलाखाली त्यावर आधी एक नट चढवायचा, मग इन्सर्ट. नट इन्सर्टच्या डोक्यावर पान्याने घट्ट आवळायचा, म्हणजे बोल्ट आणि इन्सर्ट एकजीव होतात. पूल खांबावर क्लॅम्पने बांधायचा, इन्सर्ट नेमका भोकावर आणायचा आणि बोल्टचं डोकं पान्याने फिरवत राहायचं. बोल्ट ठोकळ्यातून सरळ खाली सरकतो, इन्सर्टला झुकायला जागाच मिळत नाही.

इन्सर्ट पूर्ण आत बसल्यावर बोल्ट तसाच उलटा फिरवला तर इन्सर्टही त्याच्याबरोबर वर येईल. म्हणून बोल्टचं डोकं एका पान्याने धरून ठेवायचं आणि दुसऱ्या पान्याने नट पाव वेढा सैल करायचा. जोडी सुटते, मग बोल्ट एकटा बाहेर येतो.

इन्सर्टच्या बाहेरच्या आट्यांना मेणबत्ती घासली. त्याने घर्षण कमी होतं आणि तंतू फाटण्याऐवजी कापले जातात. जिथे इपॉक्सी लावायचं असेल तिथे मात्र मेण नको, कारण मेणावर इपॉक्सी धरत नाही. दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. खांबांना मेण पुरे आहे, लाकूड आडव्या रेषेत आहे आणि भोक नेमक्या मापाचं आहे.

भोकाची खोली २५ मिमी ठेवली. कठड्याची पट्टी ३० मिमी, वॉशर दीड, बोल्ट ४५ मिमीचा. म्हणजे बोल्ट खांबात साडेतेरा मिलिमीटर जातो, जवळजवळ सगळ्या इन्सर्टला पकडतो आणि त्याच्या टोकाखाली मोकळी जागा राहते. बिटला २५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक भोक सारखं आलं.

कठड्याच्या पट्टीतलं भोक ७ मिमीचं आहे. हे माप महत्त्वाचं आहे. ते १० मिमीपेक्षा मोठं असतं तर इन्सर्टसमोर पोकळी राहिली असती आणि आवळताना इन्सर्ट त्या पोकळीत वर ओढला गेला असता, माझ्या नळीच्या चाचणीत येतो तसाच. ७ मिमीच्या भोकामुळे पट्टीचं लाकूड इन्सर्टच्या कडेवर आडवं येतं आणि इन्सर्ट फार तर पट्टीला टेकेपर्यंतच सरकू शकतो.

११ ऑक्टोबर

खांबाचा तळ. चौथऱ्याच्या खालून प्लायमधून बोल्ट वर येणार आणि खांबाच्या तळात शिरणार. तळ म्हणजे लाकडाचं कापलेलं टोक. तिथे तंतू उभे असतात, इन्सर्टच्या दिशेतच. इन्सर्टचे आटे त्या तंतूंना आडवे कापून त्यांचे बारीक बारीक तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला फक्त बाजूने चिकटलेला असतो. ओढ आली की ते तुकडे ओळीने सुटतात. नळीची चाचणी टोकाकडच्या लाकडावर केली तर इन्सर्ट भुशाची सुबक दंडगोल खपली घेऊन बाहेर आला. आणि खांबाला अभिनेता टेकून उभा राहतो, कधी त्याला मिठी मारतो. तळाच्या सांध्यावर त्याचा मोठा हिसका येतो.

इथे इन्सर्ट नको, बॅरल नट हवा. तो म्हणजे धातूचा छोटा दांडा, त्याच्या पोटातून आडवं आट्यांचं भोक. एम ६ चा बॅरल नट १० मिमी व्यासाचा असतो. खांबाच्या मागच्या बाजूने, तळापासून ४५ मिमीवर, १० मिमीचं आडवं भोक पाडून त्यात तो सरकवायचा. तळातून साडेसहा मिमीचं उभं भोक वर येतं आणि त्याला काटकोनात मिळतं. बोल्ट आवळला की दांडा खाली ओढला जातो आणि त्याच्याखालचं लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेत दाबलं जातं. आट्यांनी तंतू धरण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोन्ही भोकं नेमकी मिळणं ही यातली कसोटी. आडवं भोक आधी पाडलं, मग तळावर गुण्या लावून त्याची मध्यरेषा उतरवून घेतली आणि तिच्यावर उभं भोक. बॅरल नटच्या तोंडावर पेचकसाची खाच असते, ती आतल्या भोकाची दिशा दाखवते. खाच खांबाच्या लांबीच्या दिशेत फिरवून ठेवली की बोल्टला आटा सापडतो. प्रत्येक खांबाला असे दोन, म्हणजे खांब स्वतःभोवती फिरणार नाही. १८ मिमी प्लाय, वॉशर, ४५ मिमी आणि बॅरल नटची वरची अर्धी जाडी मिळून बोल्ट ७० मिमीचा लागला.

१६ ऑक्टोबर

ओसरीत टांगायच्या कंदिलात दिवा एलईडीचा आहे आणि बॅटरीची डबी भाचीने तिच्या थ्रीडी प्रिंटरवर करून दिली. प्रत्येक प्रयोगाआधी डबीचं झाकण उघडून बॅटरी चार्जिंगला काढावी लागते. जुन्या डबीत स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जात होते आणि चारपैकी तीन भोकांचे आटे गुळगुळीत झाले होते. प्रश्न खांबांचाच, पदार्थ वेगळा.

प्लास्टिकसाठी पितळी इन्सर्ट मिळतात, बाहेरून दातेरी. आपल्याकडे जामनगर हे पितळेच्या अशा बारीक नगांचं मोठं केंद्र आहे. एम ३ चा नग घेतला, बाहेरून ४.६ मिमी, आणि त्याच्यासोबतच्या आकृतीप्रमाणे भोक ४ मिमी. याला बाहेरून पिळायचे आटे नसतात, तो गरम करून आत उतरवायचा. पितळ सोल्डरिंग आयर्नची उष्णता घेतं, भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन दातांच्या खाचांत शिरतं आणि थंड झाल्यावर तिथे घट्ट होतं. दातांच्या दोन पट्ट्या विरुद्ध दिशांना तिरक्या असतात, त्यामुळे इन्सर्ट फिरत नाही. मधल्या खोबणीत भरलेलं प्लास्टिक त्याला वर येऊ देत नाही.

पहिला प्रश्न प्लास्टिकच्या निवडीचा होता. भाचीकडे पीएलए होतं. ते सुमारे ६० अंशांनाच नरम पडू लागतं. उन्हात उभ्या बंद टेम्पोत किंवा रंगमंचावरच्या दिव्यांजवळ डबी तितकी तापू शकते, आणि मग स्क्रूच्या ताणाखाली इन्सर्ट हळूहळू सरकतो. पीईटीजी सुमारे ८० अंशांना नरम पडू लागतं, म्हणून डबी त्यात काढायला सांगितली. भोकाभोवतीची भिंत दोन मिलिमीटरच्या वर ठेवली आणि भोकाची खोली इन्सर्टपेक्षा दीड मिलिमीटर जास्त. ती जादा खोली वितळून खाली ढकललेल्या प्लास्टिकसाठी. जागा नसेल तर ते खालून आट्यांत चढतं आणि स्क्रू मध्येच अडतो.

आयर्न २३० अंशांच्या आसपास ठेवलं, खिडकी उघडी. इन्सर्ट भोकाच्या तोंडावर उभा केला, टोक त्यात घातलं आणि काही क्षण नुसतं टेकवून ठेवलं. पितळ पुरतं तापलं की इन्सर्ट जवळजवळ आयर्नच्या वजनानेच खाली उतरायला लागतो. ढकलावं लागत असेल तर अजून तापलेलं नाही. तसंच रेटलं तर प्लास्टिक दातांत भरत नाही, खरवडलं जातं.

शेवटचा मिलिमीटरभर उरला तेव्हा भाचीला म्हटलं, "आता आयर्न काढ आणि पट्टी ठेव." ॲल्युमिनियमची थंड सपाट पट्टी वरून दाबली. इन्सर्ट डबीच्या पृष्ठभागाशी सपाट झाला, सरळ झाला आणि पट्टीने उष्णता ओढून घेतल्याने लगेच घट्टही झाला. एक थोडा तिरका बसला होता. तो पुन्हा तापवून सरळ करता आला. लाकडातल्या इन्सर्टला ही दुसरी संधी नसते.

भाचीने विचारलं, "मावशी, जुन्या स्विचबोर्डच्या काळ्या डब्यांत असं बसवता येईल?" नाही येणार. बेकेलाइट किंवा हायलम एकदा घडलं की पुन्हा वितळत नाही, जास्त तापवलं तर जळतं. तिथे इन्सर्ट साच्यातच घालावा लागतो किंवा भोकात इपॉक्सीने चिकटवावा लागतो.

झाकणाचे स्क्रू बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचे, मग पेचकसाने पाव वेढा. एम ३ च्या झाकणाला यापेक्षा जास्त लागत नाही.

२१ ऑक्टोबर

अंगणात पूर्ण ओसरी उभी केली. कठडा लावायला आता दोघं पुरतात. एक धरतो, दुसरा बोल्ट लावतो.

बॅकस्टेजच्या मुलांना एकच सवय लावायची आहे. बोल्ट आधी बोटांनी उलटा फिरवायचा. आट्याची सुरुवात सुरुवातीवर आली की बोल्ट किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, तिथून सुलटा फिरवायचा. निदान तीन वेढे बोटांनीच जायला हवेत, मग पाना. ड्रिलने बोल्ट सुरू करायचा नाही, कारण वाकडा शिरलेला बोल्टही ड्रिल जोराने आत नेतं.

प्रत्येक इन्सर्टच्या कडेवरून लाकडापर्यंत काळ्या मार्करने एक बारीक रेघ ओढली. इन्सर्ट लाकडात किंचितही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. सांधा हलू लागण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. सगळ्या बोल्टच्या आट्यांना मेण लावलं. गंजलेला बोल्ट इन्सर्टमध्ये अडकतो आणि उघडताना इन्सर्टलाच फिरवून बाहेर आणतो.

१२ नोव्हेंबर

बाहेरगावच्या प्रयोगाहून सामान परत आलं. प्रत्येक रेघ पाहिली. एक तुटलेली आहे, डाव्या खांबाची वरची. तो इन्सर्ट पृष्ठभागाच्या वर आला आहे आणि भोवतालचं लाकूड फुगलं आहे. त्या भोकाच्या तळाशी टॉर्च मारली तर लाकडावर बोल्टच्या टोकाचा गोल ठसा होता.

ठशाने कारण सांगितलं. ४५ मिमीचा बोल्ट तळापर्यंत पोचतच नाही. तिथे ७० मिमीचा, खांबाच्या तळाचा बोल्ट गेला होता. दोन्ही एम ६, दोन्हींना १० चाच पाना, अंधारात हाताला दोन्ही सारखे. ७० चा बोल्ट खांबात साडेअडतीस मिलिमीटर जाऊ पाहतो आणि भोक २५ चं आहे. टोक तळाला टेकलं की बोल्ट पुढे जाऊ शकत नाही, पण फिरवत राहिलं की आटे आपलं काम करत राहतात. बोल्ट जागेवर आणि इन्सर्ट त्याच्यावरून बाहेर ढकलला जातो. लावणाऱ्याच्या हाताला मात्र सगळं घट्ट वाटतं.

दुरुस्तीसाठी तो इन्सर्ट काढून तिथे १६ मिमीचं भोक पाडलं आणि सागवानाची गुडदी इपॉक्सीने बसवली. गुडदी अशी कापली, की तिची रेषा खांबाच्या रेषेला समांतर राहील. साधी गोल काठी कापून घातली असती तर इन्सर्टला पुन्हा टोकाकडचंच लाकूड मिळालं असतं. इपॉक्सी सुकल्यावर त्यात ८.५ मिमीचं भोक, कारण आता लाकूड सागवान आहे.

मिस्त्रीकाका म्हणाले, "बोल्टच्या डोक्यांना दोन रंग द्या." रंग उजेडात उपयोगी, आणि काही महिन्यांत तो पान्याने खरवडला जातो. सगळी भोकं खोल करायची तर सगळे इन्सर्ट काढावे लागतील, आणि धरून बसलेल्या इन्सर्टला मी हात लावणार नाही. बॅरल नट मात्र नुसते सरकवलेले आहेत. ते बाहेर काढले, आडवी भोकं १२ मिमीची केली, उभी ९ मिमीची, आणि एम ८ चे बॅरल नट घातले.

आता तळाचे बोल्ट एम ८, १३ चा पाना. कठड्याचे एम ६, १० चा पाना. एम ८ चा बोल्ट कठड्याच्या ७ मिमीच्या भोकात शिरतच नाही. एम ६ चा बोल्ट खांबाच्या तळाला लावला तर तो कुठेही आटा न पकडता नुसता फिरत राहतो आणि लावणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. चुकीचा बोल्ट आता घट्ट झाल्यासारखा वाटूच शकत नाही. पुढच्या नेपथ्यात इन्सर्टचं भोक पाडण्याआधी पेटीतला सर्वांत लांब बोल्ट मोजायचा आणि जाडी पुरत असेल तिथे खोली त्याच्या हिशोबाने ठेवायची.